लंबकाची खोटी रीडिंग्ज

रविवार, रात्र

आधी नेमकं काय केलं ते लिहिते, म्हणजे नंतर शब्दांत पळवाट शोधता येणार नाही.

गुरुवारी साध्या लंबकाचं प्रात्यक्षिक होतं. दोऱ्याच्या सहा लांबी, प्रत्येकीला २० आंदोलनांचा वेळ तीनदा मोजायचा. ६०, ७० आणि ८० सेंमीची रीडिंग्ज खरी आहेत. ९०, १०० आणि ११० ची खोटी. गुरुत्वत्वरण g = ९.८ धरून उलटं गणित केलं, वेळ काढला, तो तक्त्यात भरला आणि जर्नलवर सही घेतली.

"वेळ संपत आला होता" हे अर्धंच खरं. तास संपायला दहा मिनिटं होती आणि दोरा सोडून, लांबी मोजून, तीनदा वेळ घेण्यात एका लांबीला पाचेक मिनिटं जातात. म्हणजे आणखी दोन लांबी झाल्या असत्या. पाच लांबींचा तक्ता दाखवून "सहावी राहिली" म्हणता आलं असतं. कदाचित एक गुण गेला असता. खरं कारण वेगळं होतं. पहिल्या तीन लांबींना उत्तर ९.६१, ९.६२, ९.६४ येत होतं, आणि पुस्तकातल्या ९.८ पुढे मला माझं स्टॉपवॉच खोटं वाटलं.

आज ग्राफपेपरवर दोऱ्याची लांबी L विरुद्ध एका आंदोलनाच्या वेळाचा वर्ग T² असं मांडलं. (गुरुवारी नुसती सरासरी काढायची होती. ती ९.७१ आली आणि सगळं झाकलं गेलं.) पहिले तीन बिंदू एका रेषेत, पुढचे तीनही जवळपास एका रेषेत, पण ती रेष वेगळी. ८० आणि ९० च्या मध्ये आलेख चक्क वाकतो. मॅडमनी आलेख काढायला सांगितला असता तर तिथेच पकडली गेले असते.

खोट्या आकड्यांचं रूपही वेगळं आहे. ८० सेंमीला ३६.०, ३६.४, ३६.२ सेकंद. बोटाने स्टॉपवॉच दाबलं की एवढा फरक पडतोच. १०० सेंमीला मी लिहिलंय ४०.१, ४०.२, ४०.१. मनाने आकडे लिहिताना मोठा फरक टाकायची हिंमतच झाली नाही. खरी रीडिंग्ज ओबडधोबड, खोटी इस्त्री केलेली.

पण मला जास्त लागलंय ते पुढचं. खऱ्या तीन बिंदूंची रेष मागे वाढवली तर ती शून्यातून जात नाही, L च्या अक्षाला शून्याच्या डावीकडे जवळजवळ १ सेंमीवर छेदते. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मी दोरा गोलकाच्या वरच्या कडीपर्यंतच मोजला होता. लांबी गोलकाच्या मध्यापर्यंत धरायची असते. व्हर्नियरने व्यास २.४ सेंमी मोजून वहीत लिहिलाही होता, त्रिज्या १.२ सेंमी, फक्त मिळवायची राहिली. ६० मध्ये १.२ मिळवून पुन्हा गणित केलं: ९.८०. माझं स्टॉपवॉच बरोबर होतं!

म्हणजे ते ९.६१ हीच माझ्या चुकीची खूण होती. गंमत अशी की त्रिज्या विसरली तरी रेषेचा चढ बदलत नाही, कारण

T² = (4π²/g)(L + r)

यात त्रिज्या r ने रेष फक्त बाजूला सरकते. सहाही रीडिंग्ज खरी असती तर चढावरून g नीट मिळाला असता आणि छेदावरून विसरलेली त्रिज्या. नुसत्या तीन बिंदूंवरून चढाचं उत्तर ९.७ च्या आसपास येतंय, कारण २० सेंमीच्या पट्ट्यात थोडी चूकही रेष फिरवते. नेमक्या ज्या लांब दोऱ्यांनी रेष पक्की झाली असती, तिथेच मी चुकीच्या लांबीवर बरोबर उत्तर चिकटवलं. कॉपी म्हणजे दुसऱ्याचं उत्तर ढापणं असं मी धरून चालले होते. इथे ढापायला दुसरं कोणी नव्हतं. मी माझीच चूक पुसली, सापडायच्या आत.

आणि जोडीदारीण. तिला मी "तू सामान आवर, मी तक्ता पूर्ण करते" म्हटलं. तिने माझ्या वहीतून सगळं विश्वासाने उतरवलं. तिच्या जर्नलमध्ये तीच नऊ खोटी रीडिंग्ज आहेत, तिला न विचारता. याबद्दल मला काही हुशार विचार सुचत नाही. नुसती लाज वाटते.

"सगळेच करतात" हे वाक्य दोनदा लिहून खोडलं. बाकीच्यांचे आलेख मी पाहिलेले नाहीत.

उद्या आधी तिला सांगायचं, मग मॅडमना. वाक्य लिहूनच ठेवते, तिथे पोहोचले की मी गोलगोल बोलते: "मॅडम, ९०, १०० आणि ११० ची रीडिंग्ज मी घेतलेली नाहीत, गणिताने लिहिली. हिला माहीत नव्हतं. मला ती पुन्हा घ्यायची आहेत." त्या परवानगी देतील की सही खोडतील, माहीत नाही. खोट्या ओळींवर एक तिरकी रेघ मारायची, आकडे वाचता येतील अशी. व्हाइटनर नाही.

गोलकाची त्रिज्या मिळवायची. स्टॉपवॉच गोलक मधल्या स्थितीतून जाताना सुरू करायचं, तिथे वेग जास्त असतो आणि क्षण नेमका पकडता येतो. "शून्य" म्हणून मोजणी सुरू करायची, "एक" म्हणून नाही.