चौदा फोटो, दहा कार्डं

सोन्या,

सराव परीक्षेत चुकलेल्या प्रश्नांचे काल रात्री पाठवलेले चौदाही फोटो पाहिले. तू खाली लिहिलंस, "ताई, सगळं येत होतं तरी चुकलं." अर्ध्या प्रश्नांच्या बाबतीत ते खरं आहे, आणि समासात कच्च्या कामासकट फोटो काढलेस म्हणून ते मला कळलं. नुसता चुकलेला पर्याय पाहून काही कळत नाही, हात कुठे वळला ते पेन्सिलीच्या खुणांत दिसतं. म्हणून उजळणीचं प्रत्येक कार्ड मी धड्यावर न करता तू नेमका जिथे घसरलास त्या जागेवर केलंय.

चौदा फोटोंची कार्डं दहाच झाली. पहिला आणि पाचवा फोटो एकाच चुकीचे, आठवा आणि अकरावाही तसेच. बारावा हललाय, एक शब्द लागत नाही. चौदाव्यात तुझं काही चुकलेलंच नाही. 1 ते 50 मधल्या मूळ संख्या 15 च आहेत, उत्तरतालिकेत 16 छापलंय कारण छापणाऱ्याने 1 धरला. 1 मूळ संख्या नाही. तिथे स्वतःला एक गुण दे आणि तो प्रश्न विसर.

ही कार्डं तुझ्या हातानेच उतरव. आपल्या कपाटात जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा आहे, त्यातल्या पाठकोऱ्या जाड पत्रिका आईने येणाऱ्या माणसाबरोबर पाठवल्यात. एका पत्रिकेची चार कार्डं होतील. पुढे प्रश्न, मागे उत्तर, त्याखाली कारणाची एक ओळ. दुसरी ओळ लिहावीशी वाटली तर समज की दोन कार्डं व्हायला हवी होती.

कार्ड 1 (फोटो 1 आणि 5)
पुढे: "शिपायाने चोराला पकडले." प्रयोग कोणता?
मागे: भावे प्रयोग.
कारण: "चोराला"चं "चोरांना" केलं तरी "पकडले" हलत नाही, म्हणजे क्रियापद कर्माच्या मागे जात नाही.

दोन्ही वेळा तू कर्मणीवर गोल केलास, कारण कर्त्याला "ने" दिसला की तुझा हात तिकडे जातो. "ने" दोन्हींत असतो. कर्माकडे बघ. "शिपायाने चोर पकडला" हे कर्मणी, चोरी पकडली तर "पकडली" होईल. कर्माला "ला" लागला की क्रियापद मोकळं झालं. पाचव्या फोटोत "आईने मुलीला उठवले" होतं. मुलगी स्त्रीलिंगी, तरी "उठवली" नाही झालं. एवढं दिसलं असतं तर गुण गेला नसता.

कार्ड 2 (फोटो 2)
पुढे: "मीठभाकर" – इतरेतर द्वंद्व की समाहार द्वंद्व?
मागे: समाहार.
कारण: मागे "वगैरे" जोडून बघ, मीठ, भाकर वगैरे साधं जेवण असा अर्थ निघतो, "आईवडील वगैरे" असा निघत नाही.

कार्ड 3 (फोटो 3)
पुढे: जाताना ताशी 30 किमी, त्याच रस्त्याने येताना ताशी 60 किमी. सरासरी वेग?
मागे: ताशी 40 किमी.
कारण: हळू चालताना जास्त वेळ जातो, म्हणून सरासरी हळू वेगाकडे झुकते, एकूण अंतर भागिले एकूण वेळ.

प्रश्नपत्रिकेत 40 आणि 60 होते आणि तू समासात (40+60)÷2 = 50 लिहिलंस. बरोबर उत्तर 48. अंतर 120 किमी धर, म्हणजे जाताना 3 तास, येताना 2 तास, 240 भागिले 5. मी कार्डावर आकडे मुद्दाम बदललेत. तेच आकडे ठेवले असते तर तिसऱ्या उजळणीला तुला "48" एवढंच पाठ झालं असतं आणि गणित तसंच राहिलं असतं. गणिताच्या कार्डाचे आकडे दर उजळणीला बदलायचे. उत्तर जिथे खोडून नवं लिहायचं तिथे पेन्सिल वापर.

कार्ड 4 (फोटो 4)
पुढे: किंमत आधी 10% वाढली, मग 10% कमी झाली. मूळ किमतीपेक्षा किती फरक?
मागे: 1% घट.
कारण: दुसरे 10% वाढलेल्या किमतीचे असतात; 100, मग 110, मग 99.

तुझ्या पेपरात 20% होते, तिथे 100, 120, 96 म्हणजे 4% घट. तू "फरक नाही" लिहिलंस.

कार्ड 5 (फोटो 6)
पुढे: संसदेची संयुक्त बैठक बोलावतं कोण, चालवतं कोण?
मागे: बोलावतात राष्ट्रपती (कलम 108), चालवतात लोकसभा अध्यक्ष.
कारण: राज्यसभेचे सभापती म्हणजे उपराष्ट्रपती, आणि ते कोणत्याच सभागृहाचे सदस्य नसतात.

इथे तुला मराठी शब्दांनी फसवलं. तू आधी "लोकसभा अध्यक्ष"वर गोल केलास, मग खोडून "सभापती" केलंस. फोटोत खोडलेला गोल दिसतोय. "सभापती" शब्द मोठा वाटतो म्हणून. लोकसभेत आणि विधानसभेत अध्यक्ष, राज्यसभेत आणि विधान परिषदेत सभापती, एवढंच ते आहे. यात मानाचा मोठेपणा शोधू नकोस.

कार्ड 6 (फोटो 7)
पुढे: अकराव्या अनुसूचीत विषय किती, बाराव्या अनुसूचीत किती?
मागे: 29 आणि 18.
कारण: अकरावी पंचायतींची, शेती, पशुसंवर्धन, मत्स्यव्यवसाय हे विषय गावाकडे जादा येतात, म्हणून यादी लांब.

73वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 ला आणि 74वी 1 जून 1993 ला अमलात आली, हे तू शेजारच्याच प्रश्नात बरोबर सोडवलंयस. म्हणून त्या तारखा कार्डावर घातल्या नाहीत. जे येतं ते कार्डावर नको.

कार्ड 7 (फोटो 9)
पुढे: निकटदृष्टिता – भिंग कोणतं?
मागे: अंतर्गोल.
कारण: प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडे पडते, म्हणून किरण डोळ्यात शिरण्याआधी थोडे पसरवायचे.

नावात नीट दिसणारी बाजू सांगितलेली असते. निकटदृष्टिता म्हणजे निकटचं दिसतं, लांबचं नाही. तू बरोबर उलट धरलंस.

कार्ड 8 (फोटो 10)
पुढे: कराड, हरिपूर, नरसोबाची वाडी – कृष्णेला कुठे कोण मिळतं?
मागे: कोयना, वारणा, पंचगंगा.
कारण: पंचगंगा कोल्हापूरहून येते, म्हणून तिघींत सगळ्यात खाली, वाडीला.

हे तुझं चुकलेलं बघून मला वाईट वाटलं रे. हरिपूरला पंचगंगा? सांगलीचा पोरगा तू. वाडीच्या घाटावर आप्पांनी तुला खांद्यावर घेऊन दोन रंगांचं पाणी दाखवलं होतं, तू पाच वर्षांचा होतास. पाठांतर बाजूला ठेव, तो घाट डोळ्यांपुढे आण आणि मग कार्ड उलट.

कार्ड 9 (फोटो 13)
पुढे: क्रम लाव: सत्यशोधक समाज, प्रार्थना समाज, परमहंस सभा, पुणे सार्वजनिक सभा.
मागे: परमहंस 1849, प्रार्थना 1867, सार्वजनिक सभा 1870, सत्यशोधक 1873.
कारण: परमहंस सभेत थोरले दादोबा पांडुरंग, प्रार्थना समाजात धाकटे भाऊ आत्माराम, तिथून दर तीन वर्षांनी पुढची.

कार्ड 10 (फोटो 8 आणि 11)
पुढे: "खालीलपैकी अयोग्य विधान ओळखा." पहिलं काम काय?
मागे: "अयोग्य" कच्च्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहायचं, चारही विधानांपुढे बरोबर-चूक खूण करायची, मगच पर्याय निवडायचा.
कारण: दोन्ही वेळा "अ" विधान खरं निघालं आणि तू तिथेच थांबलास.

या कार्डात माहिती काहीच नाही, तरी ते मला दहांत सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. निगेटिव्ह मार्किंग असेल तिथे अशा चुकीत मिळणारा गुण जातो आणि वर गाठचाही जातो.

आता वेळापत्रक. दहाही कार्डं रोज वाचायची नाहीत. रोज वाचलेलं ओळखीचं वाटतं, आठवत मात्र नाही. विसरायला लागल्यावर ओढून आणलं की ते पक्कं बसतं, म्हणून प्रत्येक वेळी अंतर वाढवलंय: 1, 3, 7, 15 आणि 30 दिवस.

पहिली गड्डी, कार्ड 1 ते 5. आज 2 फेब्रुवारीला रात्री लिहून काढ. उजळणी 3, 5, 9 आणि 17 फेब्रुवारी, शेवटची 4 मार्च.

दुसरी गड्डी, कार्ड 6 ते 10. 4 फेब्रुवारीला लिही. उजळणी 5, 7, 11 आणि 19 फेब्रुवारी, शेवटची 6 मार्च.

दोन्ही गड्ड्या एका दिवशी येतात तो 5 फेब्रुवारी एकच. त्या दिवशी पंधरा मिनिटं लागतील, एरवी सात-आठ पुरतात. अभ्यासिकेत जाऊन बसल्यावर पहिलं हे कर, फोन उघडायच्या आधी.

कार्ड हातात घेतलंस की उत्तर आधी तोंडाने म्हण, कारणही म्हण, मग उलट. उत्तर आलं आणि कारण नाही आलं तर ते चुकलं असं धर. चुकलेल्या कार्डाच्या कोपऱ्यात टिंब दे आणि दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा 1, 3, 7 असं चालव. आलं पण फार रेंगाळलास, तर पुढच्या अंतरावर जाऊ नकोस, तेवढ्याच दिवसांनी परत घे. एका कार्डावर तीन टिंबं झाली तर तुझ्या डोक्याला दोष देत बसू नकोस. त्याचा अर्थ मी लिहिलेली ओळ तुला लागू पडत नाही. मला फोन कर, आपण ती ओळ बदलू. कार्ड 5 बद्दल मला तशी थोडी शंका आहे.

पुढच्या सराव परीक्षेनंतर त्याच संध्याकाळी फोटो पाठव, चार दिवसांनी नको. चार दिवसांनी तुला स्वतःलाच आठवत नाही की तो पर्याय का निवडला होतास. प्रत्येक फोटोखाली चार शब्द टाक: "आकडेमोड चुकली", "वाचलंच नाही", "दोघांत गोंधळ", "माहीतच नव्हतं". शेवटच्या प्रकाराचं कार्ड मी करणार नाही. तिथे आधी धडा वाचायचा, मग कार्ड.

आणि बारावा फोटो उद्या सकाळी खिडकीपाशी उजेडात परत काढ. पान सपाट ठेव, वरच्या ओळीवर तुझा अंगठा आलाय तो काढ. समासातलं कच्चं काम पूर्ण येऊ दे. मला त्यात एक भागाकार अर्धवट सोडलेला दिसतोय, तो तू का सोडलास ते बघायचंय.

तुझी,
ताई