शिष्यवृत्तीच्या प्रलंबित दुसऱ्या हप्त्याबाबत विनंती

दिनांक : ९ मार्च २०२६
ऐरोली, नवी मुंबई

प्रति,
माननीय सचिव,
शैक्षणिक साहाय्य विभाग, विश्वस्त मंडळ कार्यालय,
ठाणे (पश्चिम)

विषय : शैक्षणिक वर्ष २०२५-२६ च्या शिष्यवृत्तीचा रु. ३०,००० चा दुसरा हप्ता खात्यात जमा न झाल्याबाबत.
संदर्भ : आपले मंजुरीपत्र जा. क्र. शिष्य/२०२५-२६/११७, दिनांक १८ ऑगस्ट २०२५. मंजुरी यादीतील अनुक्रमांक ४१.

महोदय,

मी साक्षी रमेश पाटील, मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात यंत्र अभियांत्रिकीच्या तृतीय वर्षात शिकत आहे. वरील मंजुरीपत्रान्वये आपल्या विश्वस्त संस्थेने मला चालू वर्षासाठी एकूण रु. ६०,००० ची शिष्यवृत्ती प्रत्येकी रु. ३०,००० च्या दोन हप्त्यांत मंजूर केली आहे. पहिला हप्ता १२ सप्टेंबर २०२५ रोजी एनईएफटीद्वारे माझ्या खात्यात जमा झाला आणि त्यातून मी पहिल्या सत्राचे शुल्क भरले, याबद्दल मी आपली आभारी आहे.

मंजुरीपत्रातील अट क्रमांक ४ नुसार चौथ्या सत्राची गुणपत्रिका, उपस्थितीचा दाखला आणि पहिल्या सत्राची शुल्क पावती सादर केल्यानंतर दुसरा हप्ता ३१ जानेवारी २०२६ पर्यंत मिळणे अपेक्षित होते. ही तिन्ही कागदपत्रे मी ९ जानेवारी रोजी आपल्या कार्यालयात समक्ष दिली असून पोच म्हणून शिक्का मारलेली प्रत माझ्याकडे आहे. फेब्रुवारीत दूरध्वनीवर चौकशी केली असता रक्कम पाठवल्याचे मला सांगण्यात आले. मात्र ६ मार्चपर्यंत नोंदी करून घेतलेल्या पासबुकात ती दिसत नाही. खाते चालू आहे, केवायसीची पूर्तता झालेली आहे आणि या काळात कोणतीही जमा नाकारून परत पाठवल्याची नोंद नाही, असे शाखेतूनही सांगण्यात आले आहे.

रक्कम खरोखरच पाठवली गेली असल्यास त्या व्यवहाराचा यूटीआर क्रमांक आणि दिनांक कृपया कळवावा, म्हणजे मला त्याच आधारे शाखेत शोध घेता येईल. खात्यात जमा होऊ न शकलेली एनईएफटी रक्कम पाठवणाऱ्याच्या बँकेकडे परत जाते, त्यामुळे आपल्या खातेउताऱ्यात तशी परतीची नोंद आहे का, हेही पाहावे ही विनंती. आणखी एक बाब नम्रपणे निदर्शनास आणते. मंजुरी यादीत अनुक्रमांक ५८ वर साक्षी पाटील याच नावाची दुसरी विद्यार्थिनी आहे. आमच्या भागात हे नाव आणि आडनाव इतके सर्रास आढळते की केवळ त्यावरून नोंद शोधल्यास गल्लत होऊ शकते. त्यांच्या हप्त्याबाबत चौकशी करण्याचा माझा हेतू नाही. माझी नोंद वडिलांच्या नावासह आणि अनुक्रमांकासह पडताळावी, इतकेच म्हणणे आहे.

पडताळणीसाठी माझ्या खात्याचा तपशील देत आहे. पहिला हप्ता याच खात्यात जमा झाला होता आणि त्यानंतर मी खाते बदललेले नाही.

खातेदाराचे नाव : साक्षी रमेश पाटील
बँक व शाखा : बँक ऑफ महाराष्ट्र, ऐरोली
खात्याचा प्रकार : बचत
खाते क्रमांक : ६०४१२२०७९१५

आयएफएससीसाठी सोबत जोडलेल्या रद्द धनादेशावर छापलेला संकेतांकच ग्राह्य धरावा. त्यातील पाचवे चिन्ह शून्य असते आणि हाताने उतरवताना ते अनेकदा इंग्रजी ओ म्हणून वाचले जाते, म्हणून मी तो इथे वेगळा लिहिलेला नाही.

महाविद्यालयाच्या सूचनेनुसार दुसऱ्या सत्राचे उर्वरित रु. २८,००० शुल्क २५ मार्चपर्यंत भरायचे आहे व त्यानंतर विलंब शुल्क लागू होईल. माझे वडील तुर्भे येथील बाजारात हमालीचे काम करतात आणि एवढी रक्कम या मुदतीत उभी करणे त्यांना शक्य नाही. आर्थिक वर्षही ३१ मार्च रोजी संपत असल्याने मंजूर रक्कम याच वर्षाच्या हिशेबात अदा होणे आपल्या कार्यालयालाही सोयीचे होईल, असे वाटते.

तरी दुसरा हप्ता २० मार्चपर्यंत वरील खात्यात जमा करावा, ही विनंती. ही रक्कम थेट महाविद्यालयाच्या शुल्क खात्यात भरणे आपणास अधिक योग्य वाटत असेल, तर त्यासही माझी संमती आहे. तसे कळवल्यास महाविद्यालयाचे मागणीपत्र मी दुसऱ्याच दिवशी आणून देईन. काही कारणाने हप्ता रोखून ठेवला असेल किंवा एखादे कागदपत्र कमी असेल, तर तेही लेखी कळवावे, म्हणजे मला मुदतीपूर्वी महाविद्यालयाकडे शुल्कासाठी सवलत मागता येईल.

आपली विश्वासू,
साक्षी रमेश पाटील
तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी

सोबत : मंजुरीपत्राची प्रत, ९ जानेवारीची शिक्का असलेली पोच, सप्टेंबर २०२५ ते ६ मार्च २०२६ या काळातील पासबुकाची पाने, रद्द केलेला धनादेश आणि महाविद्यालयाची शुल्काबाबतची सूचना.