गुऱ्हाळाच्या ४५ सेकंदांवरून उलट काढलेली शॉट लिस्ट आणि स्टोरीबोर्ड

ताई, मागच्या हंगामात करवीर तालुक्यातल्या गुऱ्हाळावर केलेल्या व्हिडिओचा कागद तेव्हा कुणी केलाच नव्हता. आता दुसऱ्या गुऱ्हाळावर त्याच धर्तीचा भाग तुम्ही शूट करणार आहात, म्हणून तयार व्हिडिओवरून हा कागद काढला आहे. चौकट उभी, ९:१६. वेग २५ फ्रेम.

कट शोधायला आधी ही कमांड चालवली:

```
ffmpeg -i gurhal.mp4 -vf "select='gt(scene,0.3)'" -vsync vfr cut_%02d.png
```

१२ चित्रं निघाली. १३ शॉटना १२ जोड, म्हणजे आकडा जुळला; पण डोळ्यांनी तपासलं तेव्हा त्यातला एक कट खोटा निघाला. चुलवाणात जाळ उसळला तो कमांडनं कट धरला आणि ०:१३ चा डिझॉल्व्ह मात्र तिच्या हातून सुटला. म्हणून खालच्या वेळा एकेक फ्रेम पुढे सरकवून लिहिल्या आहेत.

शॉट लिस्ट

१. ०:००–०:०३. लांबून. उसाचं रान, मागे धुराडं. ट्रायपॉड. चरकाचा आवाज इथूनच सुरू, चरक अजून दिसत नाही.
२. ०:०३–०:०५. अगदी जवळून. ऊस चरकात, रसाची धार. धार संथ पडते, म्हणजे ५० फ्रेमनं घेतलेला.
३. ०:०५–०:०७. रस काहिलीत.
४. ०:०७–०:०९. जमिनीलगत कॅमेरा. चुलवाणाच्या तोंडात चिपाड ढकलणारा हात.
५. ०:०९–०:१३. वरून काहील. मळी काढणं चालू.
६. ०:१३–०:१६. तीच चौकट, आता सोनेरी फेस. डिझॉल्व्हनं जोडलेला.
७. ०:१६–०:१८. वाफेत गुळव्या मामांचा चेहरा.
८. ०:१८–०:२७. बोटं, वाटीतलं पाणी, पाकाची गोळी. मध्ये एकही कट नाही.
९. ०:२७–०:२८. मामांची मान हलते.
१०. ०:२८–०:३२. काहील कलते, पाक वाफ्यात.
११. ०:३२–०:३६. पाक घोटणं.
१२. ०:३६–०:३९. कापड घातलेल्या साच्यात भरणं.
१३. ०:३९–०:४५. ढेप फोडली जाते, लहान मुलाचा हात तुकडा उचलतो.

स्टोरीबोर्ड, ज्या चौकटी अडतील त्यांचाच

चौकट ५ आणि ६: काहिलीची कड दोन्हींत एकाच जागी, डाव्या कोपऱ्यापासून दोन बोटं वर. म्हणजे ट्रायपॉड मध्ये हललेलाच नाही. रस आटायला अडीच-तीन तास जातात. तेवढा वेळ एक कॅमेरा तिथंच अडकवावा लागेल. दुसरा कॅमेरा नसेल तर ट्रायपॉडच्या पायांखाली चुन्यानं खुणा करा आणि उंची लिहून ठेवा.

चौकट ८: सबंध व्हिडिओ हिच्यासाठी आहे, असं माझं ठाम मत. बाकीचे शॉट एक ते सहा सेकंदांचे, हा नऊचा. खालच्या तिसऱ्या भागात स्टीलची वाटी, वरून मामांचा हात येतो, पाकाचा थेंब पाण्यात पडतो. अंगठा आणि दोन बोटं तो पाण्यातच वळतात. गोळी वाटीच्या काठावर आपटतात तेव्हा ‘टण्’ असा बारीक आवाज येतो आणि त्याच क्षणी मामा म्हणतात, ‘आला बघा.’ ०:१८ ला संगीत पूर्ण बंद केलंय ते या ‘टण्’साठी. तेव्हा माईक वाटीजवळच हवा. कॅमेऱ्यावरच्या माईकला चरकाच्या गोंगाटात हा आवाज सापडणार नाही. आणि पाक दोन-तीनदा तपासला जातो, त्यात आधी गोळी विरघळतेच. तपासणी सुरू झाली की रेकॉर्डिंग थांबवू नका. मामांना ‘पुन्हा करा’ म्हणायचं नाही. तोवर पाक पुढे जातो आणि त्यांची सगळी काहील बिघडते.

चौकट १३: सावल्या लांब, ऊन तिरपं, अगदी चौकट १ सारखं. ढेप त्याच दिवशीची असती तर ऊन चढलेलं दिसलं असतं. ही आदल्या दिवशीची ढेप, सकाळी फोडलेली.

शूटिंगचा क्रम

उजाडताच १३, लगेच १. मुलाला शाळेत जायचं असतं, तेही साधेल. मग २, ३, ४. शॉट ५ ला ट्रायपॉड लावला की तो सोडायचा नाही. ७ हातात धरून घ्या, वाफेनं लेन्स धुरकटते म्हणून कोरडं फडकं खिशात असू द्या. पुढे ६, ८, ९, १०, ११, १२ आपोआप ओळीनं येतात, गूळ कुणासाठी थांबत नाही. काहील कलती करायला माणसं जमतात, तेव्हा ११ ची जागा आधीच धरून ठेवा, नंतर पाय ठेवायला जागा मिळत नाही.

३ नंबरचा शॉट कमजोर आहे. वेळ कमी पडला तर तो सोडून द्या, त्याचे दोन सेकंद ८ ला द्या.