पंप केसिंग: व्हॉइस मेसेज आणि त्यावरून केलेला लेखी निरोप

व्हॉइस मेसेज, मंगळवार १४ जुलै, सकाळी ९:४० (४ मिनिटं १२ सेकंद)

"हां साहेब, नमस्कार. शिरोलीवरनं बोलतोय. आवाज येतोय ना? भट्टी चालू आहे, जरा गोंगाट आहे. बरं, ते केसिंगचं. तुमचे फोटो बघितले. ब्लोहोलच आहे ते, शंका नाही. सोळा नग ना? का चौदा... शीटमध्ये असेल बघा. आमच्याकडचं मेटल चांगलं आहे साहेब, हार्डनेस काढलाय, त्याचा काही प्रश्न नाही. हा पावसाचा खेळ आहे. कोअर गुरुवारी केलेली आणि शनिवारी बॉक्समध्ये गेली, मधे एक दिवस काम बंद होतं. कोअर ओल धरतेच की अशा हवेत. अरे ते लॅडल तिकडं घे रे! हां... तर काय सांगत होतो, ते फ्लँजचं. तुम्ही म्हणालात जाडी वाढवायची, दोन एमएम. करूया की. पॅटर्न सुताराकडं द्यावा लागेल, त्याचे थोडे पैसे होतील, ते नंतर बघू. पण मला ड्रॉइंग पाहिजे, सहीचं. नुसतं फोनवर नको, मागं एकदा घोळ झाला होता, तुम्हाला माहितीच आहे. परवापर्यंत पाठवा. मग पाच-सहा सॅम्पल काढतो, तुम्ही मशिनिंग करून बघा, मग बाकीचे. महिनाअखेर देतो सगळं. नदीचं काय होतंय त्यावर आहे म्हणा, हायवे बंद पडला की आमच्या हातात काही नाही. मशिनिंगच्या खर्चाचं पण तुम्ही म्हणाला होता, ते करू आपण काहीतरी. आणि हो, खराब नग परत पाठवा, आमचा माणूस बघेल. बरं, ठेवतो. काही असेल तर फोन करा."

लेखी निरोप, त्याच दिवशी दुपारी १२:१५

पाटीलसाहेब, नमस्कार.

सकाळचा मेसेज लांबला आणि त्यात काही आकडे मोघम राहिले. तुमच्या परचेस आणि क्वालिटीवाल्यांना पुढे पाठवता यावं म्हणून सगळं लिहून देतो. व्हॉइसमधला आकडा यापेक्षा वेगळा असेल तर खालचा धरा.

विषय: पंप केसिंग, एफजी २६०, एकूण ऑर्डर १८० नग. १२० पोहोचले, ६० बाकी.

काय झालं

तुमच्या शीटप्रमाणे १४ नगांत ब्लोहोल निघाले (सोळा नव्हे). सगळे हीट ११७ आणि ११८ मधले आहेत, म्हणजे ४ आणि ६ जुलैला ओतलेले. आधीचे ८० नग त्याच पॅटर्नवर, त्याच वाळूत काढलेले. त्यांत एकही तक्रार नाही. त्या दोन हीटची कडकपणाची चाचणी १९७ आणि २०३ बीएचएन आली, १८० ते २३० या मर्यादेत. तेव्हा धातूत दोष नाही.

फरक कोअरचा आहे. या ४० नगांच्या सीओटू कोअर २ जुलैला भरल्या आणि उघड्या रॅकवर दीड ते साडेतीन दिवस राहिल्या. सिलिकेटची कोअर पावसाळी हवेत ओल धरते. ओतताना त्या ओलीची वाफ होते आणि वाट मिळाली नाही की धातूतच अडकते. फ्लँज साच्यात वरच्या अंगाला येतो, म्हणून भोकं तिथंच सापडली. वरून ३ एमएम मशिनिंग अलाउन्स असल्यामुळे कच्च्या मालावर काही दिसत नाही. दोनेक एमएमचा कट गेल्यावर ती उघडी पडतात. आमच्या तपासणीतून माल सुटला तो याच कारणानं.

या ४० पैकी १४ खराब, १७ मशिनिंग होऊन चांगले ठरले, ९ अजून तुमच्याकडे कच्चे आहेत. ते ९ असेंब्लीला देऊ नका, आधी फ्लँजवर कट घेऊन बघा. हीट नंबर फ्लँजच्या मागच्या बाजूला पंच केलेला आहे.

आम्ही काय बदललं

कोअर ज्या दिवशी भरली त्याच दिवशी वापरायची. शिल्लक राहिली तर दुसऱ्या दिवशी ओव्हनमध्ये १५० अंशांवर एक तास, मगच साच्यात. कोअर प्रिंटमधून वाफ जायला ६ एमएमची वाट ठेवतो. पेंट लावताना ती बुजते, म्हणून पेंटनंतर तार घालून मोकळी करायची. फ्लँजच्या वर ८ एमएमचे दोन वेंट वाढवले आहेत. फेटलिंगमध्ये तेवढे दोन तुकडे जास्त तोडावे लागतील, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

फ्लँजची जाडी: १८ वरून २० एमएम

फ्लँज २०० बाहेरून, ८० आतून. २ एमएम वाढले की नगाला साधारण ०.३८ किलो वजन वाढतं. १८.५ किलोचा नग १८.९ च्या आसपास जाईल. ९६ रुपये किलोच्या दरानं नगामागे सुमारे ३६ रुपये ५० पैसे, जीएसटी वेगळा. पॅटर्न दुरुस्तीचे ६,५०० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७,६७० एकदाच. बदल ड्रॉइंगमधला असल्यामुळे तुमच्याकडे. पॅटर्न एकदा वाढवला की जुन्या जाडीचा नग त्यावर निघणार नाही. स्पेअर म्हणून १८ एमएमचे काही हवे असतील तर ते आत्ताच सांगा, नंतर सांगून उपयोग नाही.

पैशाचं

१४ बदली नग मोफत, वाढलेलं वजनही धरणार नाही. तुमचा मशिनिंग खर्च २१० रुपये प्रमाणे १४ नगांचे २,९४०; याची क्रेडिट नोट पुढच्या बिलासोबत देतो. त्या ९ मधले काही उघडले तर त्यांनाही हाच हिशेब.

पुढे कोणी काय करायचं

बुधवार १५, संध्याकाळी ६ पर्यंत – तुम्ही: रिव्हिजन नंबर आणि सही असलेलं ड्रॉइंग पीडीएफमध्ये. १८ एमएमचे स्पेअर हवेत की नकोत, हेही त्यातच. ड्रॉइंग एक दिवस लांबलं तर खालच्या सगळ्या तारखा एक दिवस लांबतील.

गुरुवार १६ आणि शुक्रवार १७ – आम्ही: पॅटर्न दुरुस्ती, मापं काढून फोटो तुम्हाला.

शनिवार १८ – आम्ही: ५ सॅम्पल ओतणार. सोमवार २० ला शॉट ब्लास्टिंग करून भोसरीला रवाना. याच गाडीतून परतीला १४ खराब नग चलनासह द्या. दोन कापून बघायचे आहेत.

बुधवार २२, संध्याकाळपर्यंत – तुम्ही: पाचही सॅम्पलचं मशिनिंग, हायड्रो टेस्ट आणि लेखी होकार. त्या ९ नगांचा निकालही याच दिवशी.

गुरुवार २३ ते सोमवार २७ (रविवार सोडून) – आम्ही: रोज २० पर्यंत, उरलेले ६९ नग. ६० आणि १४ मिळून ७४, त्यातले ५ सॅम्पल वजा. ९ मधले खराब निघाले तरी ते या चार दिवसांत बसतात. बुधवार २९ ला माल निघेल.

पावसाबद्दल: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला आली की तयार असेल तेवढा माल त्याच दिवशी काढतो, पूर्ण लॉटची वाट बघणार नाही. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला होता, तसं झालं तर गाडी अडकून राहते. तेव्हा अर्धा माल अचानक आला तर स्टोअरला आधी कल्पना देऊन ठेवा.

होकार किंवा बदल याच मेसेजखाली लिहून कळवा. तुमचा होकार आला की पॅटर्न सुताराकडे पाठवतो.

– दीपक, फाउंड्री, शिरोली एमआयडीसी