ओल कुणाची? हळदीच्या सौद्याचा वाटाघाटी-सराव

दोघांसाठी समान माहिती

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्याने 4 जुलैला साताऱ्याच्या मसाला उत्पादक बाईंना 200 क्विंटल राजापुरी हळद पाठवली. 50 किलोची 400 पोती, भाव क्विंटलला 15,000. सौदापट्टीवर ओलावा ‘जास्तीत जास्त 10 टक्के’ लिहिलेला. 30 लाखांपैकी 18 लाख पोहोचले, 12 लाख थकले. 27 जुलैला बाईंनी कळवलं, माल ओला आहे; प्रयोगशाळेचा आकडा 11.9. तोवर 120 पोती दळून झाली होती.

कायद्याचा धाक दोन्हीकडे आहे. वस्तू विक्री अधिनियम, 1930च्या कलम 42 प्रमाणे, वाजवी मुदतीत नकार न कळवता माल ठेवून घेतला तर तो स्वीकारला असं धरतात. 23 दिवस ही वाजवी मुदत का, यावर दोन्हीकडून भांडता येईल. 2015च्या वाणिज्य न्यायालय कायद्याचं कलम 12अ सांगतं की तातडीचा अंतरिम दिलासा नको असेल, तर दाव्याआधी मध्यस्थी करावीच लागते. आजची बैठक त्याआधीची. वेळ 40 मिनिटं.

फक्त व्यापाऱ्यासाठी (दुसऱ्याला दाखवू नका)

साडेनऊ लाखांच्या खाली उतरायचं नाही. पण बँकेचं कॅश क्रेडिट खातं नूतनीकरणाला आलंय, म्हणून 7 लाख पंधरा दिवसांत हवेतच. बाकीला दिवाळीपर्यंत थांबता येईल. तुमच्या हमालाने सांगितलंय की गाडी भरताना सर आली आणि शेवटची तीसेक पोती भिजली. ही पोती वाळवून, पॉलिश करून देणं तुम्हाला स्वस्त पडतं. बाई जुन्या गिऱ्हाईक आहेत. नव्या हंगामाचा सौदाही त्यांच्याशीच व्हावा, असं तुम्हाला मनापासून वाटतं.

फक्त उत्पादक बाईंसाठी (दुसऱ्याला दाखवू नका)

सुरुवात 6 लाखांनी करा. 11 लाखांपर्यंत जायची तयारी आहे, पण एकरकमी 8 च्या वर जमणार नाही. तुमच्या गोदामाचा एक पत्रा जूनपासून गळतोय आणि नमुना त्याच भिंतीकडच्या पोत्यांतून काढला होता. उरलेली 280 पोती परत केली तर पुण्याची ऑर्डर अडकेल, कारण हा रंग दुसरीकडे मिळत नाही. पुढच्या वर्षीचा भाव आधी बांधून मिळाला तर थोडं जास्त द्यायला हरकत नाही.

फक्त सराव घेणाऱ्यासाठी

दोघांना सांगा: थेट विचारलं तर खोटं बोलायचं नाही. ‘त्यावर आत्ता बोलणार नाही’ हे उत्तर चालतं. हमालाची आणि पत्र्याची गोष्ट बाहेर यायला हवी असेल, तर आकड्याआधी प्रश्न विचारायला सांगा: पोती कुठे रचली? गाडी कधी भरली? नमुना किती पोत्यांतून घेतला? थेट 12 आणि 6 वरून ओढाताण सुरू झाली की बहुतेक 9 वर अडकायला होतं, आणि व्यापारी उठून जातो. दोघांनी मिळून दोन्ही जागच्या पोत्यांतून नवा नमुना काढायचं ठरवलं, तर तोही करारच धरा.

तोडगा निघाला तर त्याच बैठकीत कागदावर घ्या: रक्कम, हप्त्यांच्या तारखा, कोणती पोती कोणी वाळवायची, वाहतूक कुणाची. मग दोन्ही गोपनीय पानं एकमेकांना वाचायला द्या.