रेशन दुकान रद्दचं मॅटर : रिट फाइल करायच्या आधीची चेकलिस्ट (औरंगाबाद खंडपीठ)

सोमवारी 12 जानेवारीला फाइलिंग करायचंय, त्यामुळे शुक्रवार संध्याकाळपर्यंत सेट माझ्या टेबलावर पाहिजे. मॅटर असं : गेवराई तालुक्यातल्या महिला बचत गटाचं दुकान, डीएसओने 14 फेब्रुवारी 2025 ला प्राधिकारपत्र रद्द केलं, उपायुक्त (पुरवठा) यांनी 9 जूनला अपील फेटाळलं, मंत्र्यांनी 18 नोव्हेंबरला रिव्हिजन. तिन्ही ऑर्डर चॅलेंज करायच्या, प्रेयरमध्ये तिन्हींच्या तारखा येऊ देत, नुसती शेवटची लिहून भागणार नाही.

पिटिशनर कोण : गट. अध्यक्षताईंच्या एकटीच्या नावाने टाकू नकोस, प्राधिकारपत्र गटाच्या नावावर आहे. गटाचा ठराव लागेल, त्यात अध्यक्ष आणि सचिव दोघींना रिट दाखल करायचे, सह्या करायचे आणि वकील नेमायचे अधिकार दिलेत असं स्पष्ट हवं. ठरावाची तारीख अॅफिडेव्हिटच्या आधीची पाहिजे, उलटं झालं तर समोरचा पहिल्या पाच मिनिटात तेच काढेल.

रिस्पाँडंट : महाराष्ट्र शासन (अन्न व नागरी पुरवठा विभागाच्या सचिवांमार्फत), उपायुक्त पुरवठा, डीएसओ, तहसीलदार, आणि ज्याच्या तक्रारीवरून सगळं झालं तो तक्रारदार. मंत्र्यांवर वैयक्तिक आरोप नाहीयेत, तर त्यांना नावाने पार्टी करायची गरज नाही.

सेटचा क्रम : इंडेक्स, सिनॉप्सिस आणि तारखांची यादी, मेमो, व्हेरिफिकेशन, मग एक्झिबिट, शेवटी वकालतनामा (दोघींच्या सह्या, गटाचा शिक्का, वेल्फेअर फंडाचं तिकीट). मेमोमध्ये आर्टिकल 226 आणि 227 दोन्ही. ही तीन वाक्यं विसरू नको : याच विषयावर हायकोर्टात किंवा सुप्रीम कोर्टात दुसरी पिटिशन नाही, कॅव्हेटची नोटीस आलेली नाही, आणि दुसरा परिणामकारक उपाय उरलेला नाही कारण अपील-रिव्हिजन दोन्ही वापरून झालेत. कॅव्हेटचं गृहीत धरू नको, फाइलिंगच्या दिवशी सकाळी परत चेक कर.

एक्झिबिट :
ए – प्राधिकारपत्र, नूतनीकरणासकट
बी – तपासणीचा पंचनामा
सी – शो कॉज नोटीस
डी – आपला खुलासा, आवक शिक्का असलेली प्रत, शिक्का दिसलाच पाहिजे
ई – डीएसओची ऑर्डर
एफ – अपील मेमो आणि ऑर्डर
जी – रिव्हिजन मेमो आणि ऑर्डर
एच – स्टॉक रजिस्टरची पानं आणि ई-पॉसच्या पावत्या
आय – जबाबांच्या प्रतींसाठी केलेला माहिती अधिकाराचा अर्ज आणि त्याचं उत्तर

सगळा जीव सी, ई आणि आय मध्ये आहे. नोटिशीत आरोप फक्त स्टॉक कमी असल्याचा, आणि ऑर्डरमध्ये आधार घेतलाय कार्डधारकांच्या जबाबांचा, जे आपल्याला कधी दिलेच नाहीत. म्हणून नैसर्गिक न्यायाचा ग्राउंड पहिला घे आणि तिथेच या तिन्हींचे पान नंबर टाक. आणि मोहिंदर सिंग गिल (1978) ठेव, म्हणजे नंतर सरकारी रिप्लायमध्ये नवीन कारणं घुसवली तर आपल्याकडे उत्तर आहे. पंचनाम्यातली प्रतिकूल ओळ लपवायची नाही, ती आपणच सांगायची, रिटमध्ये माहिती दडवली की मेरिटपर्यंत कोणी जातच नाही.

पंचनाम्याची झेरॉक्स फार फिकी आहे, सोबत टाइप कॉपी लाव आणि खाली ‘खरी प्रत’ म्हणून सही कर. ऑर्डरच्या सर्टिफाइड प्रती मिळाल्यात त्या ओरिजिनल सेटमध्येच. मराठी ऑर्डरचं इंग्रजी भाषांतर तयार ठेव.

अॅफिडेव्हिट : इथेच ऑब्जेक्शनं येतात. ‘सगळं माझ्या माहितीप्रमाणे खरं’ असं एकच मोघम वाक्य नको, कुठले पॅरा स्वतःच्या माहितीचे, कुठले रेकॉर्डवरून आणि कुठले वकिलांच्या सल्ल्यावरून हे वेगळं लिही, आणि मेमोचे पॅरा वरखाली झाले की नंबर परत जुळव. ताईंना इंग्रजी येत नाही, त्यामुळे मजकूर मराठीत वाचून समजावला आणि त्यांना तो मान्य आहे हा क्लॉज हवाच, आणि खरंच वाचून दाखव, क्लॉजपुरतं नको. सही प्रत्येक पानावर, शपथ देणाऱ्या अधिकाऱ्यासमोर, आधी घरी करून आणलेली चालणार नाही. त्याचा शिक्का, तारीख, रजिस्टर नंबर, ओळख पटवणाऱ्याची सही बघ. खाडाखोड असेल तिथे इनिशियल. आधार कार्ड ओरिजिनल आणायला सांग, आणि नाव ठरावात, आधारवर आणि प्राधिकारपत्रावर एकसारखं आहे का ते आजच बघ, कारण लग्नाआधीचं नाव कुठेतरी असतंच.

अंतरिम रिलीफ : दुकान शेजारच्या गावाला जोडलंय. स्टे मागताना ते कायमस्वरूपी दुसऱ्याला देऊ नये आणि नवीन जाहीरनामा काढू नये हे पण माग.

ई-फाइलिंगची पीडीएफ सर्च होणारी, बुकमार्क लावलेली, आणि पीडीएफचा पान नंबर कागदावरच्या नंबरशी जुळणारा. कोर्ट फी भरल्याची पावती जोड. एक सेट सरकारी वकिलांच्या ऑफिसला दे आणि पोच घे. स्टॅम्प नंबर मिळाला की लगेच मेसेज टाक, ऑब्जेक्शनं निघाल्याशिवाय सर्क्युलेशन मागता येणार नाही.