विषय: प्रस्तावातील कलम ४ नुसार काही शुल्क परत मिळण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक,

महोदय,
भांडी बाजारातल्या आमच्या तांब्या-पितळेच्या दुकानाच्या सोशल मीडियावरील जाहिरातींसाठी आपण दिलेल्या प्रस्तावात, कलम ४ मध्ये, ‘दरमहा किमान ४० ग्राहकांची चौकशी’ असे स्पष्ट लिहिले होते. त्या भरवशावर सहा महिन्यांचे १,२०,००० रुपये आम्ही वेळेवर भरले. अहवालात लाइक आणि रीच भरपूर, पण खरेदीसाठी चौकशीचा फोन एकही नाही. आलेले फोन नोकरी मागणाऱ्यांचे. दिवाळीचा हंगाम असाच गेला, याचे फार वाईट वाटते.

पोस्टची डिझाइन आपण केलीत, त्यांचे पैसे मागत नाही. जाहिरात व्यवस्थापनाचे ७२,००० रुपये मात्र पंधरा दिवसांत परत करावेत. प्रस्ताव व अहवालांच्या प्रती सोबत आहेत.

आपला,
दुकानमालक, भांडी बाजार, नाशिक